दुसऱ्या मजल्यापर्यंतची धाप: वजनाची काळजी कुठं संपते आणि पूर्वग्रह कुठं सुरू होतो

२०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाचा विषय काढला आणि स्वयंपाकातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे तपासणीला येणारी माणसं वजनाबद्दल जास्त मोकळेपणानं विचारतात, आणि ते चांगलंच आहे. पण वजनाच्या या बोलण्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली मला रोज दिसते. ती वेगळी काढून दाखवावी म्हणून हे लिहिते आहे.

मी नर्स आहे. तेरा वर्षं वॉर्डात काढली. गेली नऊ वर्षं बेळगावातल्या अशा दवाखान्यात आहे जिथं उद्यमबाग, मच्छे, होनगा इथले कारखाने नव्या माणसांना फिटनेसच्या तपासणीला पाठवतात. वजनकाटा, बीपीचा पट्टा, डोळ्यांचा तक्ता, दिवसभर हेच काम. त्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

## एक मुलगी आणि एक जिना

मुलगी खानापूर तालुक्यातली. वय एकोणतीस, एम.कॉम. झालेली, टॅलीवर हात बसलेला. उंची १५७ सेंटीमीटर, वजन ९८ किलो. एका कारखान्यात हिशेबाच्या कामासाठी तिनं अर्ज केला. लेखी परीक्षेत पहिली आली. मुलाखत दुसऱ्या मजल्यावर होती. जिना चढून ती आत गेली तेव्हा तिला धाप लागली होती, आणि बसायच्या आतच पहिला प्रश्न आला, “रोज हे जिने चढायला जमणार का तुम्हाला?” जीएसटीबद्दल कुणी काही विचारलं नाही.

पुढं त्यांच्या ठरलेल्या ठिकाणी तपासणी झाली. कागदावर शेरा आला: अनफिट. कारणं दोन, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब. बीपी १४८/९४.

तिची मावशी आमच्या गल्लीत राहते. एका रविवारी ती तिला घेऊन घरी आली. “आक्का, बघा की हो हिच्याकडं जरा. पंधरा दिवस झाले, एक वेळचं जेवण सोडलंय पोरीनं.” मी तिला चहा दिला आणि फाईल मागितली. दोन वर्षांत ती तीन डॉक्टरांकडे जाऊन आली होती. तक्रार तिन्ही वेळा तीच: जिना चढताना धाप लागते, थकवा येतो, केस गळतात. तिन्ही चिठ्ठ्यांवर वजन लिहिलेलं होतं. तिन्हींवर ‘वजन कमी करा’ असा सल्ला होता. रक्ताची तपासणी एकाही चिठ्ठीवर नव्हती.

## पूर्वग्रह म्हणतात तो हाच

वजनाचा पूर्वग्रह म्हणजे माणसाचा आकार बघूनच त्याच्याबद्दलचं मत ठरवणं: आळशी असेल, खादाड असेल, मनाचा कच्चा असेल. आपल्याकडं मराठीत ‘जाडी’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘दप्प’ म्हणतात, आणि दोन्ही घरांत हे शब्द लहानपणापासून कानावर पडतात. त्यामुळं ते मत आपण बनवलं आहे हेसुद्धा आपल्याला जाणवत नाही. त्या तीन डॉक्टरांपैकी कुणी तिचा अपमान केला नाही. एकानं तर तिला अगदी आपुलकीनं चालायला जायचा सल्ला दिला होता. पूर्वग्रहाला राग लागत नाही. उत्तर आधीच मिळालं आहे असं वाटून पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो, एवढं पुरेसं असतं.

चोर्ला घाट चढताना एखादा ट्रक काळा धूर टाकायला लागला, तर माल जास्त भरलाय का हे मेस्त्री बघेल. तेवढं बघणं बरोबरच आहे. पण बॉनेट न उघडता, नुसता माल बघून “दोन टन उतरवा” एवढंच सांगून तो निघून गेला, तर आपण त्याला मेस्त्री म्हणणार नाही. माल खरंच जास्त असू शकतो, आणि इंजिनात बिघाडही असू शकतो. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

वैद्यकात याला निदान झाकोळणं म्हणतात. एक ठळक गोष्ट डोळ्यांसमोर असली की तिच्या सावलीत दुसरा आजार दिसत नाही. त्या मुलीच्या बाबतीत सावली ९८ किलोची होती.

## आधी बीपीचा पट्टा

तिच्या कागदावरचं १४८/९४ बघून मी पहिल्यांदा विचारलं, पट्टा केवढा होता? तिला अर्थातच माहीत नव्हतं. कुणालाच नसतं. म्हणून हे नीट सांगते, कारण ते घरीसुद्धा बघता येतं.

बीपी मोजायच्या पट्ट्यात हवेची पिशवी असते. ती फुगून दंडातली रक्तवाहिनी दाबते, आणि मग हवा सोडत जाताना रक्त पुन्हा कधी वाहायला लागतं ते बघितलं जातं. त्या पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ऐंशी टक्के असावी लागते. पट्टा लहान पडला तर रक्तवाहिनी दाबायला जास्त हवा भरावी लागते, आणि यंत्र जास्त आकडा दाखवतं. त्या माणसाचं बीपी वाढलेलं नसतं, पट्टा तोकडा असतो.

दंड मोजायचा शिंप्याच्या टेपनं, खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध. तिचा घेर भरला ४२ सेंटीमीटर. बहुतेक दवाखान्यांत असतो तो नेहमीचा पट्टा साधारण ३२ ते ३४ सेंटीमीटरपर्यंतच्या दंडाला चालतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला हे छापलेलंच असतं. तिथं दोन खुणा असतात आणि टोकाला एक रेघ. पट्टा गुंडाळल्यावर ती रेघ दोन खुणांच्या मध्ये आली पाहिजे. बाहेर गेली तर तो पट्टा त्या दंडाचा नाही.

आकडा किती चुकतो? अमेरिकेतल्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९५ प्रौढांवर हे मोजून बघितलं आणि २०२३ मध्ये छापलं. ज्यांना सगळ्यांत मोठा पट्टा लागत होता, त्यांना नेहमीचा पट्टा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी साडेएकोणीसनं जास्त आला. साडेएकोणीस म्हणजे चांगल्या-भल्या माणसाला एका मिनिटात रक्तदाबाचा रुग्ण करून सोडणारा फरक.

दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात बोलावलं. पाच मिनिटं गप्प बसवलं, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. मोठा पट्टा बांधला. १२८/८२. एका मिनिटानं पुन्हा, १२६/८०. तिथं रुग्णाचं बीपी नव्हतं. लक्ष ठेवावं एवढंच होतं.

इथं नोकरी आणि दवाखाना एकमेकांत कसे गुंतले ते बघा. जिना चढून धापा टाकणारी मुलगी मुलाखतीत दिसली. तपासणी करणाऱ्यानं मोठा पट्टा आणायचे कष्ट घेतले नाहीत, कारण अशा अंगाच्या माणसाचं बीपी जास्त असणारच असं त्याला वाटत होतं. आकडा तसाच आला, म्हणून कुणी पुन्हा मोजलं नाही. मग तोच आकडा कारखान्याच्या फायलीत पुरावा म्हणून गेला. आधीचं मत खरं ठरलं, कारण मोजायचं साधनच त्या मताच्या बाजूनं झुकलेलं होतं.

## मग रक्त

आमच्या डॉक्टरांनी तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि पाळीबद्दल विचारलं. ती आधी गप्प राहिली. मग मावशी बाहेर गेल्यावर म्हणाली, आठ-नऊ दिवस जाते, गाठी पडतात, कधी दोन महिने येतच नाही आणि मग थांबत नाही. हे तिनं आजवर कुठल्याच दवाखान्यात सांगितलं नव्हतं. “काही सांगायला गेलं की वजनावरच येतात हो,” असं तिचं म्हणणं होतं.

हिमोग्लोबिन आलं ७.६. बाईचं ते १२ च्या वर हवं. लोहाचा शरीरातला साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणीही केली, साठा जवळजवळ रिकामा. जिना चढताना धाप लागायला यापेक्षा वेगळं कारण शोधायची गरज नव्हती. रक्तात प्राणवायू वाहणारेच कमी, तर हृदयाला जास्त धावपळ करावी लागणार.

हिमोग्लोबिन कुणीच का तपासलं नाही? तर ती खात्यापित्या घरची दिसते म्हणून. रक्त कमी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फिकट, हाडकुळी बाई येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता, आणि त्याच पाहणीत साधारण चारातली एक बाई वजनानं जास्त होती. एवढ्या मोठ्या दोन गटांत सामाईक बायका कितीतरी असणार. शिवाय वजन आणि लोह यांचा थेट संबंध आहे. चरबी वाढली की अंगात बारीक, सततची सूज राहते. त्या सुजेमुळं यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं, आणि ते आतड्यातून लोह रक्तात यायची वाट अडवतं. म्हणजे जाड माणसाला लोह कमी पडायची शक्यता जास्त असू शकते. तपासणी तिचीच आधी व्हायला हवी होती.

आणि वजन कमी करा या सल्ल्यावर तिनं काय केलं होतं? रात्रीचं जेवण सोडलं होतं. सकाळी एक भाकरी आणि चहा. चहा लोह अंगी लागू देत नाही, आणि पोटात लोह जात होतं तेही निम्मं झालं. सल्ला देणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं, पण ‘कमी करा’ एवढंच सांगितलं की बायका आधी आपलं ताट कमी करतात. हे मी इतक्या वेळा बघितलं आहे की आता वजनाचं बोलणं झालं की रात्री काय जेवता हे मी स्वतः विचारते.

## म्हणजे वजनाचा काही दोष नाही?

आहे ना. हा प्रश्न मला हमखास विचारतात, आणि विचारायलाच हवा. वाढलेल्या वजनानं मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं, गुडघ्यांची झीज हे वाढतं. यात वाद नाही. वजन उतरलं तर त्याचा उपयोगही होतो. गुडघ्याच्या झिजेत एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे मोजून दाखवलेलं आहे.

या मुलीच्या बाबतीत तर वजनाचा संबंध फार जवळचा निघाला. सोनोग्राफीत गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड दिसलं. चरबीच्या पेशी स्वतःच इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करतात. पाळी अनियमित असेल, बीज सुटत नसेल, तर त्या इस्ट्रोजेनला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. अस्तर वाढत राहतं, आणि सुटलं की खूप रक्त जातं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्या अस्तरात कर्करोगही होऊ शकतो. तिच्या अस्तराचा तुकडा तपासला. कर्करोग नव्हता, पण अस्तराची वाढ होती. वेळेत कळलं.

त्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ बाई तिच्याशी वजनावर वीसेक मिनिटं बोलल्या. मी खोलीत होते. त्यांनी कागदावर चित्र काढून चरबी, इस्ट्रोजेन, अस्तर हा रस्ता दाखवला. म्हणाल्या, “आधी रक्त भरून काढूया. अस्तरासाठी गोळ्या आहेत. पाच-सात किलो उतरले तर पाळी सुधारायची शक्यता बरीच आहे, म्हणून ते करूया, पण उपाशी राहून नाही. नाही उतरले तरी औषध थांबणार नाही.” मग विचारलं, घरी चालायला जागा कुठं आहे, स्वयंपाक कोण करतं, कामाच्या वेळा काय.

या बाईंनीही वजनच बोललं, आणि त्या तीन चिठ्ठ्यांवरही वजनच होतं. फरक मला असा दिसतो. बाईंनी आधी तपासलं आणि मग वजनापर्यंत आल्या. चिठ्ठ्या वजनापासून निघाल्या आणि तिथंच थांबल्या. बाईंनी वजनाचा कुठल्या आजाराशी काय संबंध ते सांगितलं. उपचार वजन उतरण्याच्या अटीवर ठेवला नाही. आणि सगळ्यांत सोपी कसोटी: हीच तक्रार घेऊन ५५ किलोची मुलगी आली असती तर बाईंनी जे केलं तेच केलं असतं. बाकीच्यांनी केलं नसतं. ५५ किलोच्या मुलीला धाप लागते म्हटल्यावर रक्त पहिल्याच दिवशी तपासलं गेलं असतं.

तुमच्या बाबतीत असं झालं तर डॉक्टरांना हेच विचारा: “माझं वजन कमी असतं तर या त्रासासाठी तुम्ही कुठल्या तपासण्या सांगितल्या असत्या?” भांडण न होता मुद्द्यावर येणारा प्रश्न आहे. चांगले डॉक्टर त्याचा राग धरत नाहीत.

## “पण कारखान्यानं आजारी माणूस का घ्यावा?”

उद्यमबागेतल्या एका मालकांनी मला हे सरळ विचारलं होतं. पंधरा कामगारांचं वर्कशॉप, त्यांचीही बाजू आहे. म्हणून कामाकामाप्रमाणे बघावं लागतं.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळं भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर धावताना आपल्याला रोज दिसतात. तिथं १.६ किलोमीटर धावायला लावतात आणि घड्याळ बघतात. सैनिकाला धावावं लागतं, म्हणून धाव मोजतात. हे काम आणि कसोटी जुळलेली आहे. फाउंड्रीत भट्टीजवळ उष्णता फार असते, आणि जाड माणसाला ती उष्णता सोसायला जास्त जड जाते. तिथं डॉक्टरनं विचार करणं योग्यच. उंचावर काम करणाऱ्याच्या सुरक्षा पट्ट्यावर तो किती किलोपर्यंत चालतो हे लिहिलेलं असतं. माणूस त्यापेक्षा जड असेल तर जास्त क्षमतेचा पट्टा आणावा लागेल, नाहीतर त्याला वर चढवता येणार नाही. या प्रत्येक ठिकाणी धोका कुठला ते नाव घेऊन सांगता येतं.

हिशेबाच्या खुर्चीत असा कुठला आकडा आहे? बिलं नोंदवायला, महिन्याचा ताळेबंद जुळवायला ९८ किलो वजन कुठं आडवं येतं ते कारखान्याला सांगता आलं नसतं. बीएमआयवर बोट ठेवलं असतं कदाचित. वजनाला उंचीच्या वर्गानं भागून येणारा हा आकडा, तिचा सुमारे ४०. पण हे गणित १८३० च्या दशकात बेल्जियमच्या क्वेटेले नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं लोकसमूहाचा सरासरी माणूस कसा असतो हे बघताना मांडलं होतं. त्यावरून पुढच्या तपासण्या ठरवाव्यात, ते ठीक. टॅली येते की नाही हे त्यावरून कळत नाही.

त्या मालकांचा खरा मुद्दा खर्चाचा होता. त्यांना मी ईएसआयचा, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा, हिशेब करून दाखवला. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. सोळा हजारांच्या पगारावर मालकाचे ५२० रुपये. कामगार ९८ किलोचा असो की ५५ किलोचा, ते ५२० च राहतात. रजा जास्त होतील ही भीती उरते. पण रजा कुणाच्या जास्त होतील हे वजनकाटा सांगत नाही. दारू पिणाऱ्याला, मधुमेह लपवणाऱ्याला आपण काट्यावरून ओळखत नाही.

दिसण्याचा मुलाखतीवर किती परिणाम होतो, हे स्वीडनमध्ये एका अर्थशास्त्रज्ञानं खऱ्या जाहिरातींना अर्ज पाठवून तपासलं होतं. अर्ज सारख्याच पात्रतेचे, फोटोही त्याच चेहऱ्याचे, फक्त काही फोटोंत चेहरा संगणकावर जाड केलेला. २००९ मध्ये निष्कर्ष छापला: जाड चेहऱ्याच्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी पुरुषांत सहा आणि बायकांत आठ टक्के-बिंदूंनी कमी आली. तिथं कुणी तपासणी केलीच नव्हती. आरोग्याची काळजी म्हणावी, तर आरोग्य कुणाला माहीत होतं? फक्त गाल दिसत होते.

कायद्याचं थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९७६ च्या कायद्यानं आणि न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून वजनावरून नोकरी नाकारणं बेकायदा आहे. आपल्याकडं असा वेगळा कायदा नाही, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही लठ्ठपणा नाही. म्हणून आपल्याकडं उपयोगी पडतो तो कागद. अनफिट म्हटलं तर कुठल्या कामासाठी आणि कुठल्या मोजमापावरून, हे लेखी मागा. बीपीवरून म्हटलं असेल तर दुसऱ्या ठिकाणी योग्य पट्ट्यानं, वेगवेगळ्या दिवशी मोजून घेऊन तो कागद सोबत द्या. बीपीचा आजार एका दिवसाच्या आकड्यावरून ठरवायचाच नसतो. आमच्याकडून असे कागद गेल्यावर शेरा बदललेला मी पाहिला आहे, प्रत्येक वेळी नाही.

## “टोचून बोललं तरच माणूस मनावर घेतो”

हे घरोघरी चालतं. लग्नात पंगतीला “अजून एक मांडा वाढा हिला” म्हणून हसायचं आणि वर म्हणायचं, तिच्या भल्यासाठीच बोलतो. टोचल्यानं वजन उतरत असतं तर निदान एक बाजू तरी उभी राहिली असती. इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या वरच्या जवळजवळ तीन हजार लोकांचं वजन चार वर्षांच्या अंतरानं मोजलं होतं. वजनावरून वाईट वागणूक मिळाल्याचं सांगणाऱ्यांचं वजन या काळात सरासरी किलोभर वाढलं. ज्यांना तशी वागणूक मिळाली नव्हती त्यांचं सरासरी पाऊण किलोनं उतरलं. एकामुळंच दुसरं झालं हे अशा पाहणीतून पक्कं सिद्ध होत नाही, पण टोमण्यांनी माणूस बारीक होतो असं म्हणायला तर त्यात काहीच आधार नाही.

मला जे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं ते असं: टोचलेली माणसं वजनकाट्यावर यायचंच टाळतात, आणि वजनकाटा टाळायचा म्हणून दवाखानाही टाळतात. ही मुलगी पाळीबद्दल दोन वर्षं बोलली नाही, ती याच भीतीनं.

## बारीक माणसाची फसगत

ज्या आठवड्यात ती आमच्याकडे आली, त्याच आठवड्यात एक सडपातळ तरुण फिटनेसला आला होता. बीपी १५६/१००. सोबत आलेला सुपरवायझर म्हणाला, “टेन्शन असणार हो मुलाखतीचं, असा पोरगा, त्याला कसलं बीपी?” पट्टा बरोबर होता. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं, प्रत्येक वेळी जास्तच. पुढं मूत्रपिंडाचा त्रास निघाला. आकार बघून मत ठरवायची सवय जाड माणसाला खोटा आजार चिकटवते आणि बारीक माणसाचा खरा आजार लपवते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार छान दाखवलं आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपला दोघांचा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बाहेरून दोघेही सडपातळच. आपल्याकडं मधुमेह सडपातळ माणसांनाही मोठ्या प्रमाणात का होतो, ते या फोटोवरून समजतं. ज्याला आरोग्याची काळजी आहे तो या दोघांचंही रक्त तपासेल.

## पुढं काय झालं

तिला लोह शिरेतून दिलं, अस्तरासाठी गोळ्या सुरू झाल्या, आणि रात्रीचं जेवण परत सुरू झालं. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८ झालं. वजन ९५. तीन किलो उतरलं होतं, बघणाऱ्याला कळणारही नाही एवढं. तिला मी आमच्या दवाखान्याच्या जिन्यानं वर पाठवलं आणि मागून गेले. ती दुसऱ्या मजल्यावर उभी राहून माझ्याशी बोलत होती, वाक्य न तोडता. धाप लागली होती ती मला.

ती आधीची जागा तोवर भरली होती. होनग्याला दुसऱ्या कारखान्यात तिला हिशेबाचं काम मिळालं. तिथल्या तपासणीच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, “आक्का, पट्ट्याचं काय म्हणायचं तिथं?” मी म्हटलं, दंड बेचाळीस आहे एवढं सांग आणि आतली रेघ बघायला लाव. तिथल्या मुलीनं रेघ बघितली, बाहेर गेली होती. मोठा पट्टा कपाटात होता, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेला.